सुट्टीच्या दिवसाची जुजबंदी

बसआगारात तिला सगळे ताई म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे ड्रायव्हरसुद्धा. कंट्रोलरच्या खोलीत काचेमागे बसून कोणती गाडी कधी सुटायची हे ठरवणारी बाई, तिला नावाने हाक मारायची कोणाची छाती होत नसे. एकवीस वर्षं नोकरी झाली होती आणि सणासुदीला घरी असण्याचं सुख तिने एकदाही पाहिलं नव्हतं. जग सुट्टीवर असलं की आगाराला जास्त गाड्या सोडाव्या लागतात. रविवार मात्र तिने हट्टाने स्वतःकडे ठेवला होता, कारण रविवारी तिचा भाऊ घरी असायचा.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान, छापखान्यात बाईंडर. सहा वर्षांपूर्वी त्याला ताप आला. पहिले दोन दिवस साधा वाटला, तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला, चौथ्या दिवशी त्याला झटके आले. मेंदूला सूज होती. दीड महिन्याने तो चालत घरी आला, हसत आला, ताईला ओळखत आला, फक्त घरी येऊन चहा प्यायला आणि पाच मिनिटांनी विचारता झाला, "आपण चहा कधी घेणार?"

लहानपणीचं सगळं त्याला आठवत होतं. छापखान्यात पहिल्या दिवशी कोणत्या खिळ्याला सदरा अडकून फाटला तेही आठवत होतं. पण आजारानंतरचा एकही दिवस त्याच्या डोक्यात मुक्कामाला राहिला नाही. पाण्यावर बोटाने रेघ ओढावी तशी गत.

कामाचं काय, हा प्रश्न छापखान्याच्या मालकांनीच सोडवला. एक दिवस ते भेटायला आले ते सुट्या फर्म्यांची, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची, एक चळत आणि सुईदोरा घेऊनच. भावाने काही न विचारता दोऱ्याला मेण लावलं, फर्मे ठोकून सरळ केले आणि शिवायला बसला. मालक अर्धा तास बघत राहिले. जाताना म्हणाले, "ताई, डोकं विसरलं असेल, हात काही विसरलेला नाही. सोमवारपासून पाठवा."

पाठवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. पहिली काही वर्षं शेजारच्या मावशी त्याला बसस्टॉपवर सोडायच्या, पलीकडे छापखान्यातलं कोणीतरी उतरवून घ्यायचं. मग मावशींचे गुडघे बोलू लागले. तेव्हा रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागातल्या थेरपिस्ट बाईंनी त्याला फोन दिला आणि महिनाभर रोज बसून शिकवला. शिकवला म्हणजे हातांना शिकवला. वाजला की उचल, वाच, कर, 'झालं' दाब. ते एवढ्या वेळा करून घेतलं की सुईदोऱ्यासारखं तेही हातात मुरलं. साडेसहाला ऊठ. सातला गोळी. साडेसातला नाश्ता, डब्यातला. आठ दहाला निघ, सोळा नंबरची बस. एकला जेव. साडेपाचला घरी ये. संध्याकाळी सातला दुसरी गोळी. ताई पहाटे साडेपाचलाच कामाला जायची, पण सातची गोळी घेऊन त्याने 'झालं' दाबलं की तिच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. फोन वाजूनही पंधरा मिनिटांत दाबलं नाही तर तिला निरोप यायचा. दीड वर्षात असा निरोप तीनदा आला असेल. तिला वाटलं, गाडी रुळावर आली.

मग एका सकाळी सोळा नंबरचा ड्रायव्हर काचेशी आला आणि उगाचच टोपी काढून उभा राहिला. ताईने विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का. तो म्हणाला, गाडी ठीक आहे. मग म्हणाला, "काल सुट्टी होती ना. तुमचा भाऊ छापखान्याच्या गल्लीशी उतरला. एकटाच उतरला. मी म्हटलं, असेल काही काम. पण मागच्या सुट्टीलाही तोच एकटा उतरला होता."

ताईने कामाची वेळ संपल्यावर घर न गाठता ती गल्ली गाठली. छापखान्यासमोर एका गोदामाचा म्हातारा पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारलं, तर त्याला सगळं ठाऊक होतं. प्रत्येक सुट्टीला येतात, म्हणाला. कुलूप बघतात, फोन बघतात, पायरीवर बसतात. एक वाजता डबा खातात. साडेपाचला उठून जातात. दोनदा सांगितलं मी, आज बंद आहे म्हणून. हो म्हणाले, उठले, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.

"कंटाळलेले नाही दिसत हो," पहारेकरी म्हणाला. "आत्ताच आलोय आणि आता कोणीतरी दार उघडेल, अशा चेहऱ्याने बसतात. दिवसभर तोच चेहरा."

ताई त्याच पायरीवर टेकली. दीड वर्षात सुट्ट्या किती झाल्या हे ती बोटांवर मोजू लागली आणि अकरावर थांबली. अकरा दिवस. संध्याकाळी घरी आल्यावर तिने प्रत्येक वेळी विचारलं असणार, दिवस कसा गेला, आणि त्याने प्रत्येक वेळी सांगितलं असणार, छान. खोटं नव्हतं ते. त्याच्यापाशी सांगायला दुसरं काही उरलेलंच नसायचं.

थेरपिस्ट बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी स्वतःचा कान पकडला. रविवार आम्ही वगळला, म्हणाल्या, पण फोनला वार कळतो, सुट्टी कळत नाही. ती आपण सांगावी लागते. मग त्यांनी दाखवलं. फोनमध्ये सरकारी सुट्ट्यांचं कॅलेंडर जोडता येतं. एकदा जोडलं की प्रत्येक आठवणीपुढे विचारलं जातं, सुट्टीच्या दिवशी हिचं काय करायचं? त्यांना पुढचा रुग्ण होता. त्यांनी ताईला सांगितलं, घरी निवांत बसून एकेक बघा.

निवांतपणा ताईकडे कधी होता! तिने रात्रीचा स्वयंपाक करता करता एका हाताने कॅलेंडर जोडलं, 'सर्व आठवणी' असं लिहिलेलं दिसलं, त्यापुढे 'सुट्टीला वगळा' निवडलं आणि पोळी उलटली.

पुढची सुट्टी आली. आगारात तोबा गर्दी. अकरा वाजता तिला पाणी प्यायला उसंत मिळाली, तेव्हा फोन हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं, आज हिरवी खूण नाही. पण चुकल्याचा निरोपही नाही. ती क्षणभर त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली आणि मग तिने पाणी तसंच खाली ठेवलं. जी आठवण वाजलीच नाही, ती चुकली असं फोन कशाला म्हणेल? तिनेच सांगितलं होतं वगळायला. काम वगळलं, बस वगळली, तशी झटक्यांची गोळीही वगळली गेली होती.

मावशींना फोन केला. मावशी किल्ली घेऊन गुडघ्यांसकट धावल्या. भाऊ पलंगाच्या कडेला बसला होता, रात्रीच्याच कपड्यांत, हात मांडीवर. नाश्ता झाकलेला तसाच. मावशींना बघून म्हणाला, आत्ता उठतच होतो. किती वेळचा उठत होता देव जाणे. ताईने डॉक्टरांना विचारून गोळी लगेच द्यायला लावली. झटका आला नाही. पण त्या दिवशी काचेमागे बसून तिने पहिल्यांदा एक गाडी चुकीच्या फलाटावर लावली.

दुसऱ्या दिवशी ती थेरपिस्ट बाईंसमोर बसली ती आरोपीसारखी. बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या दहा जणांनी हेच केलंय, आता कागद घ्या. त्यांनी आठवणींची यादी उभी लिहिली आणि एकेकीवर बोट ठेवत विचारू लागल्या.

"ही सुट्टी मानते का?"

सातची गोळी? नाही. रक्ताला सण माहीत नसतो. तिच्यापुढे लिहिलं, कधीच हलवू नये. उठायची वेळ? ताईची फार इच्छा होती, सुट्टीला त्याने आठपर्यंत झोपावं. बाई म्हणाल्या, झोपू द्या, पण मग गोळी 'उठल्यानंतर अर्ध्या तासाने' अशी बांधलीत तर तीही दीड तास पुढे सरकेल. गोळीला घड्याळाशी बांधा, उठण्याशी नको. तेव्हा उठणं पावणेसातपर्यंतच सरकलं. पंधरा मिनिटांची चैन. नाश्ता साडेआठवर गेला. एकचं जेवण तिथेच राहिलं. बस आणि छापखाना वगळले. महिन्याच्या पाच तारखेला औषधाच्या दुकानातून नवीन पाकीट आणायचं असे. पाचला सुट्टी आली तर ते वगळून चालणार नव्हतं, दुसऱ्या दिवशी ढकलूनही नाही, कारण तोवर आधीचं पाकीट संपलेलं. ते आदल्या दिवशी ओढून घेतलं.

ताई बघत होती. तिच्या आगाराच्या वेळापत्रकात सुट्टीचा एकच शिक्का असे, सगळ्या गाड्यांना सारखा. आणि इथे एका माणसाच्या एका दिवसात काही गोष्टी दगडासारख्या जागच्या जागी, काही पुढे सरकणाऱ्या, काही मागे येणाऱ्या, काही नाहीशा होणाऱ्या. एवढं सगळं आपलं डोकं रोज न सांगता करतं? सकाळी डोळे उघडायच्या आधीच आज कोणता दिवस आहे हे कळतं, आणि पाय अंथरुणात परत ओढले जातात, ते हे सगळं हिशेबात धरूनच? ती आपल्याच कपाळाला हात लावून बसली. दुःखाने नव्हे.

मग बाईंचं बोट कागदाच्या मधल्या कोऱ्या जागेवर आलं. साडेआठ ते संध्याकाळी सात, मधे फक्त जेवण.

"काम काढलं. त्याच्या जागी काय?"

ताईला पलंगाची कडा आठवली. ती म्हणाली, विश्रांती. बाई म्हणाल्या, विश्रांती तुम्हाला कळते, कारण काल दमलात हे तुम्हाला आठवतं. त्याला नुसती शांतता दिलीत तर तो पुढची सूचना यायची वाट बघत बसेल. त्यालाच विचारा की.

घरी येऊन तिने विचारलं. भावाने नेहमीसारखा प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला आणि म्हणाला, "हातात काहीतरी असावं. दुसरं काय लागतं?"

आगारात हरवलेल्या सामानाची एक खोली आहे. छत्र्या, एकेकटे बूट, कवळ्या. तिथे चार वर्षं एक जाडजूड शब्दकोश पडून होता. पाठ निखळलेली, पानं सुटलेली, कोणी न्यायला आलं नव्हतं. ताईने साहेबांची परवानगी काढून तो घरी आणला. खिडकीशी टेबल, त्यावर कोश, सुया, दोरा, मेणाचा खडा, खळीची वाटी. आणि फोनमध्ये फक्त सुट्टीच्याच दिवशी वाजेल अशी एक नवी आठवण. ती तिने तीनदा खोडून लिहिली: 'आज छापखाना बंद आहे. तुला सुट्टी आहे, कुठे जायचं नाही. खिडकीपाशी तुझं काम आहे, मन असेल तर कर. ताई.'

छापखान्याचं कॅलेंडर सरकारी कॅलेंडरसारखं नसतं, हेही तिला मालकांना भेटल्यावर कळलं. शाळा सुरू व्हायच्या आधी ते दोन सरकारी सुट्ट्यांना काम करायचे, आणि वर्षअखेर झाल्यावर चार दिवस यंत्रं तेल द्यायला बंद. मालकांनी आपली यादी लिहून दिली, आणि बदल झाला तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं कबूल केलं. कळवलंही. एकदा तर लग्नाच्या पंगतीतून उठून कळवलं.

कोशाचं काम कसं चाललं, हे ताईला बरेच महिने फक्त संध्याकाळचं दिसलं. एका सुट्टीला सगळी पानं जुळवून चळती झालेल्या. पुढच्या सुट्टीला फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लागलेल्या, वाळत. भावाला विचारलं तर तो म्हणायचा, हो का, कोणाचं आहे हे? पण टेबलावरचं काम पुढे गेलेलं असायचं.

शेवटी न राहवून तिने एका सुट्टीला कामाची पाळी बदलून घेतली आणि घरात गुपचूप बसून राहिली. फोन वाजला. भावाने वाचलं, 'झालं' दाबलं, खिडकीशी गेला. टेबलाकडे परक्या घरात शिरल्यासारखा बघत उभा राहिला. मग खुर्ची ओढली. अर्धवट शिवलेला गठ्ठा उचलला, कानाशी नेऊन पानं फुरफुरवली, पाठीवरून अंगठा फिरवला. शेवटच्या टाक्याशी अंगठा थांबला. दोरा चिमटीत धरून त्याने जरासा ओढून पाहिला. आणि पुढचा फर्मा उचलून, उघडून, सुई आत घातली. जिथे घालायला हवी तिथेच.

बाईंडर लोक फर्म्याला फर्मा शिवत जाण्याला जुजबंदी म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या टोकाला सुई खालच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवून मग वर यायची. तेवढ्याने सगळं पुस्तक एकमेकांना धरून राहतं. ताई दारात उभी राहून ते बघत होती. मागच्या सुट्टीला ज्याने टाका घातला तो माणूस याला आठवत नव्हता, आणि हा त्याच्याच टाक्यात सुई अडकवून वर येत होता. मधले पाच आठवडे कुठेच नव्हते. ती श्वास रोखून उभी होती, देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना माणसं उभी राहतात तशी. दहा मिनिटांनी त्याने मान वर केली, तिला पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे कोणी सुरू केलंय? काम साफ आहे." आणि उत्तराची वाट न बघता खाली वाकला.

परीक्षेच्या हंगामात छापखान्याने एका रविवारी काम काढलं आणि बदली सुट्टी मंगळवारी दिली. ताईने रविवार कामाचा केला, मंगळवार सुट्टीचा. मंगळवारी सकाळी नऊ वाजता, ऐन गर्दीत, तिचा फोन वाजला. भाऊ होता. आजारानंतर त्याने आपणहून फोन कधी केलाच नव्हता. फोनमध्ये ताईच्या फोटोवर बोट ठेवलं की ती बोलते एवढं त्याला शिकवलेलं, पण ते वापरावं असं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"ताई, फोन म्हणतोय सुट्टी. खिडकीतून बघतो तर मुलं शाळेत चाललीत, बसेस भरून जातायत. कोणाचं ऐकू?"

समोर तीन ड्रायव्हर सही घ्यायला उभे होते. तिने त्यांना हातानेच थांबवलं.

"फोनचं ऐक. ते मीच लिहिलंय."

"मग सगळे का चाललेत?"

"तू रविवारी काम केलंस. त्याच्या बदल्यात आज फक्त तुमच्या छापखान्याला सुट्टी."

मग तो म्हणाला, "असं सांग ना. मग ठीक आहे."

तिने फोन ठेवला, तिन्ही सह्या केल्या आणि त्यातली एक चुकून स्वतःच्या नावाऐवजी भावाच्या नावाची केली. तिला दिसत होतं काय झालं ते. इतकी वर्षं तो सूचना पाळत आला होता, कुलूपबंद दारासमोरसुद्धा. आज त्याने सूचना आणि रस्ता शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते, आणि जुळेना म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून तिने बदली सुट्टीच्या आठवणीत कारण लिहायला सुरुवात केली. थेरपिस्ट बाईंना सांगितलं तेव्हा त्या वही उघडून लिहू लागल्या आणि म्हणाल्या, हे मी इतरांनाही सांगते.

कोश पूर्ण झाला तो वर्षअखेरच्या बंदच्या चार दिवसांत. ताई चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आली तेव्हा तो टेबलावर दोन विटांखाली दाबून ठेवलेला होता. करड्या कापडाचा पुठ्ठा, पाठ गोलसर, कोपरे असे दुमडलेले की नखही अडकू नये. भावाने विटा काढल्या आणि कोश तिच्याआधी स्वतःच उघडून पाहू लागला. मधोमध उघडला, पालथा केला, पाठीचा वाक पाहिला.

"कोणी बांधलाय गं हा?"

"तूच."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. वाद घातला नाही. हसला. दोन पानं चाळली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, कोणी बांधलाय. तिने पुन्हा सांगितलं, आणि तो पुन्हा तसाच हसला, पहिल्यांदा कळल्यासारखा. एकच आनंद माणसाला दोनदा नवा मिळताना तिने पूर्वी पाहिला नव्हता.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "तूच सांग. बाईंडर आहेस ना? बघून काय वाटतं?"

त्याने कोश उजेडाकडे धरला. दोन फर्मे जरासे फाकवून आतला दोरा पाहिला, मग आणखी दोन. अंगठा टाक्यांवरून वरून खाली गेला.

"छापखान्यात नाही झालेला हा," तो म्हणाला. "तिथे एवढा वेळ मिळत नाही. टाका बघ, कुठेच घाई नाही." त्याने कोश मिटला आणि त्यावर तळहात ठेवला. "सुट्टीच्या दिवशी बांधलाय कोणीतरी."

ताईने मान हलवली. मग सात वाजले, फोन वाजला, आणि तो गोळी घ्यायला उठला.